पगारदाराचं गृहकर्ज: फ्लोटिंग की फिक्स्ड, हे ठरवायचं कसं

पहिलं घर घेणारे ऑफिसातले तरुण सहकारी मला हमखास एक प्रश्न विचारतात: "दर फ्लोटिंग घेऊ की फिक्स्ड?" माझं स्वतःचं कर्ज ऑक्टोबर २०२१ चं आहे. दर तळाला होते तेव्हा ते घेतलं, पुढच्या दीड वर्षात दर अडीच टक्क्यांनी चढलेले पाहिले आणि २०२५ मध्ये ते उतरतानाही पाहिले. त्यावरून माझं मत असं झालंय की बहुतेक पगारदारांनी रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी, जोडलेलं फ्लोटिंग कर्ज घ्यावं, पण दर सव्वादोन-अडीच टक्क्यांनी वाढला तरी हप्ता झेपेल एवढीच रक्कम उचलावी. ज्यांना तेवढी वाढ झेपणारच नाही त्यांनी फिक्स्डचा विचार करावा. तो करताना करारातली दोन-तीन कलमं नीट वाचावीत, कारण 'फिक्स्ड' म्हणून विकलं जाणारं बरंचसं कर्ज शेवटपर्यंत फिक्स्ड नसतं.

खालच्या पायऱ्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी क्रमाने करा. शेवटच्या दोन कर्ज सुरू झाल्यावरच्या आहेत.

## १. कर्ज कशाला बांधलेलं आहे ते विचारा

फ्लोटिंग म्हणजे बदलता दर. पण तो कशामुळे बदलणार, हे प्रत्येक कर्जाचं वेगळं असतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मापदंडाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडलाय. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, म्हणजे बँक रेपोवर चढवते ती भर. माझ्या कर्जाच्या वेळी रेपो ४ टक्के होता आणि स्प्रेड २.७५, म्हणून दर पावणेसात टक्के. रेपो बदलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर बदलतो, वरही आणि खालीही. बँकेला तो कमी करायला टाळाटाळ करता येत नाही.

स्प्रेडचं तसं नाही. तो तुम्ही कर्ज घेता तेव्हा ठरतो आणि बराच काळ तुमच्यासोबत राहतो. बँकेच्या खर्चापोटी त्यात जो भाग असतो तो तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतो. जोखमीपोटीचा भाग मात्र तुमची पत लक्षणीय घसरली तर वाढू शकतो. कर्ज चालू असताना क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा चुकलेला हप्ता सिबिलवर दिसू नये याची काळजी घ्यायची ती यासाठीच.

हाउसिंग फायनान्स कंपनीकडून कर्ज घेत असाल तर वेगळी सावधगिरी हवी. बाहेरच्या मापदंडाचा हा नियम बँकांना आहे. फायनान्स कंपन्या स्वतःच ठरवलेल्या प्राइम लेंडिंग रेटला कर्ज जोडतात, आणि रेपो उतरला तरी तो रेट कधी व किती उतरवायचा हे त्या ठरवतात. तिथलं कर्ज घेऊच नये असं मी म्हणणार नाही, कारण कागदपत्रांत थोडी अडचण असलेल्या मालमत्तेला त्या पैसे देतात. पण आज दोन्हीकडे सारखाच दर मिळत असेल तर बँकेचं रेपोचं कर्ज घ्यावं.

## २. 'फिक्स्ड' किती वर्षं फिक्स्ड आहे ते करारात शोधा

जाहिरातीत 'फिक्स्ड' लिहिलेलं असतं तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक असू शकते.

पहिला प्रकार खराच फिक्स्ड: वीस वर्षं तोच दर, तोच हप्ता. तो आपल्याकडे विरळा आहे आणि महाग पडतो. दुसऱ्या प्रकारात दोन, तीन किंवा पाच वर्षं दर स्थिर राहतो आणि नंतर कर्ज आपोआप फ्लोटिंग होतं. त्याला कुणी हायब्रिड म्हणतं, कुणी ड्युअल रेट. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तिथे दर फिक्स्डच असतो, पण करारात एक कलम असतं की हा दर अमुक वर्षांनी पुनर्विचार करून ठरवला जाईल, किंवा बाजारातल्या असाधारण परिस्थितीत कंपनी तो बदलू शकेल. असं कलम असेल तर तुम्ही फिक्स्डचे जास्तीचे पैसे मोजता, पण दर वाढण्याचा धोका तुमच्याच अंगावर राहतो.

म्हणून सेल्समनला तोंडी विचारून थांबू नका. मंजुरीपत्र आणि करारनाम्याचा मसुदा मागून घ्या आणि त्यात 'रीसेट' व 'रिव्ह्यू' हे शब्द जिथे जिथे आलेत ती वाक्यं अधोरेखित करा. हायब्रिड असेल तर एकच प्रश्न लेखी विचारा: "स्थिर मुदत संपल्यावर दर कशाच्या आधारे ठरेल आणि स्प्रेड किती असेल?" उत्तर 'त्या वेळच्या प्रचलित दरानुसार' असं आलं तर तो स्प्रेड तुम्हाला आज माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मुदतपूर्व परतफेडीचं कलमही इथेच पाहा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही. बोनस आला, दोन लाख भरले, दंड शून्य. फिक्स्डवर चार्ज असू शकतो. तो २ टक्के असेल तर पाच लाख भरताना दहा हजार रुपये आणि वर जीएसटी. दरवर्षी बोनसमधून थोडं मुद्दल फेडायचं ठरवणाऱ्यासाठी हा मोठा खर्च आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या हायब्रिड कर्जांसाठी नियम स्पष्ट झालाय: तुम्ही पैसे भरता त्या वेळी कर्ज फ्लोटिंगवर असेल तर चार्ज लागत नाही.

## ३. पगाराला वाढीव दराचा ताण देऊन बघा

ही पायरी कुणी करत नाही, आणि निर्णय खरं तर इथेच व्हायला हवा.

माझ्या कर्जाचे आकडे ढोबळ करून घेऊ. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं, दर ६.७५ टक्के. हप्ता ३०,४१४ रुपये. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. माझा दर झाला सव्वानऊ. हप्ता मात्र बँकेने तेवढाच ठेवला होता.

एप्रिल २०२३ मध्ये मुद्दल सुमारे ३९ लाख बाकी होतं. सव्वानऊ टक्क्यांनी त्याचं एका महिन्याचं व्याज ३०,०६२ रुपये. हप्ता ३०,४१४. म्हणजे महिन्याला मुद्दलात जेमतेम साडेतीनशे रुपये जात होते. या गतीने कर्ज फिटायला किती काळ लागेल? एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=NPER(9.25%/12, -30414, 3900000)
```

उत्तर येतं सुमारे ५८१ महिने. ४८ वर्षांहून जास्त! हप्ता न वाढता दर वाढला की असं होतं, आणि खात्यातून दरमहा तीच रक्कम जात असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. सूत्राने आकड्याऐवजी `#NUM!` दाखवलं तर समजा की हप्त्यातून व्याजही पूर्ण निघत नाहीये.

आता उलटं विचारा. मूळ मुदतीतच, म्हणजे उरलेल्या २२२ महिन्यांत कर्ज फेडायचं तर हप्ता किती हवा?

```
=PMT(9.25%/12, 222, -3900000)
```

३६,७४३ रुपये. महिन्याला ६,३०० रुपयांच्या आसपास जास्त. मी हप्ता तेवढा वाढवून घेतला. तेव्हा कर्ज घेतानाच विचारायचा प्रश्न हा: दोन वर्षांत हप्ता एवढा वाढला तर घर चालेल का? यात वार्षिक पगारवाढ आधीच गृहीत धरू नका. दर वाढतात तेव्हा महागाईही वाढलेली असते, आणि ती पगारवाढ किराणा, शाळेची फी आणि सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये जाते.

स्वतःचे आकडे काढताना आजच्या दरात अडीच टक्के मिळवा आणि तो हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या किती टक्के होतो ते पाहा. माझ्या मते चाळीस टक्क्यांपर्यंत फ्लोटिंग निर्धास्त घ्यावं. पन्नासच्या पुढे जात असेल तर फिक्स्ड शोधण्याआधी कर्जाची रक्कम कमी करण्याचा विचार करा, कारण त्या घराला तुमचा पगार पुरत नाहीये.

वयही मोजा. बँका पगारदाराचं कर्ज साधारण निवृत्तीपर्यंत संपवायला पाहतात. तिशीतल्या माणसाची मुदत दर वाढल्यावर थोडी ताणता येते. पंचेचाळिशीत पंधरा वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला ती सोय नाही. त्याचा हप्ताच वाढणार. एकट्याच्या पगारावर घर चालत असेल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल आणि दहा-पंधरा वर्षांसाठी खराखुरा फिक्स्ड दर फ्लोटिंगपेक्षा एखाद्या टक्क्याच्या फरकाने मिळत असेल, तर तो घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

## ४. फिक्स्डची जास्तीची किंमत रुपयांत मांडा

फिक्स्ड दर आजच्या फ्लोटिंगपेक्षा जास्त असतो. तो फरक परवडेल का, हे कसं ठरवायचं? पुन्हा माझंच कर्ज घेऊ. समजा २०२१ मध्ये मला वीस वर्षांसाठी साडेआठ टक्के फिक्स्ड मिळालं असतं, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त.

पहिलं वर्षभर फ्लोटिंग स्वस्त होतं. आरंभी महिन्याला जवळपास ५,८०० रुपये व्याज वाचत होतं, पुढे थोडं कमी, आणि वर्षाअखेर ही बचत साठेक हजारांवर गेली. मग फ्लोटिंग साडेआठच्या वर गेलं. शिखरावर असताना पाऊण टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला सुमारे २,४०० रुपये जास्त. एप्रिल २०२५ पर्यंतच्या अडीच वर्षांत ते जादा व्याज साधारण ६५ हजार झालं. म्हणजे फिट्टंफाट. त्यानंतर २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने सव्वापाचवर आला आणि माझा दर आठ झाला. आता फिक्स्डवाल्यापेक्षा मी महिन्याला दीडेक हजार कमी व्याज देतोय.

यातून मला जे कळलं ते असं. फिक्स्डचा जास्तीचा पैसा तुम्ही पहिल्या दिवसापासून भरता, तेही मुद्दल सर्वांत मोठं असताना. दर पुढे वाढले तर त्याचा फायदा मिळायला लागतो तोवर मुद्दल थोडं उतरलेलं असतं. म्हणून दर नुसता वाढून भागत नाही, तो फिक्स्डच्या वर जाऊन बराच काळ तिथे राहावा लागतो. नऊ महिन्यांत अडीच टक्के ही अलीकडच्या काळातली फार वेगवान वाढ होती, तरीही पावणेदोन टक्के महाग फिक्स्ड त्यात जेमतेम बरोबरीत आलं. फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा असता तर पारडं फिक्स्डकडे झुकलं असतं. तुमच्यासमोरचा फरक दीड टक्क्याच्या वर असेल तर मी फ्लोटिंगच घेईन.

## ५. सही करण्याआधी हे कागद हातात घ्या

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात मापदंड कोणता, त्याचा आजचा दर, स्प्रेड, दर किती महिन्यांनी रीसेट होणार, आणि मापदंड पाव टक्का बदलला तर हप्ता किंवा हप्त्यांची संख्या कितीने बदलेल, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेलं असतं. कर्जदाराला कळेल अशा भाषेत ते असायला हवं, म्हणून मराठीत मागायला संकोच करू नका. दोन बँकांची तुलना करायची असेल तर माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि ही दोन स्टेटमेंटं शेजारी ठेवून वाचा.

त्यासोबत हे जवळ असू द्या:

- मंजुरीपत्र, ज्यात 'फिक्स्ड', 'फ्लोटिंग' किंवा 'ड्युअल' असं स्पष्ट लिहिलंय
- करारनाम्याचा मसुदा, सही करण्याच्या किमान दोन दिवस आधी
- हप्त्यांचा पूर्ण तक्ता, व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवणारा
- दर बदलून घेण्याचं शुल्क आणि प्रीपेमेंट चार्ज यांचं लेखी पत्रक
- स्वतःचा सिबिल अहवाल, कारण स्प्रेड त्यावर ठरतो

पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट तर बँक मागतेच. विमा कर्जात घुसवलेला नाही ना, तेही की फॅक्ट स्टेटमेंटमधल्या शुल्कांच्या यादीत दिसतं.

## ६. दर हलला की काय मागायचं

हप्ता तसाच ठेवून मुदत गुपचूप लांबवण्याचा जो प्रकार वर सांगितला, त्याबाबत रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. आता दर बदलल्यावर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतोय ते कर्जदाराला कळवावं लागतं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा द्यावी लागते. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंटही मिळायला हवं. फ्लोटिंगवरून फिक्स्डवर जायचा पर्यायही त्या परिपत्रकात होता, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकेवर सोडलंय. म्हणून 'नंतर वाटलं तर फिक्स्ड करून घेऊ' या भरवशावर राहू नका. ती सोय तुमच्या बँकेत आहे का आणि शुल्क किती, हे आधीच लेखी घ्या.

दर वाढला तर शाखेत अर्ज द्या: "माझी मूळ मुदत कायम ठेवून हप्ता वाढवावा." पूर्ण वाढ झेपत नसेल तर अर्धी तरी वाढवा. अर्जाची पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात स्टेटमेंटमध्ये उरलेले हप्ते मोजा.

दर उतरला तर उलट करा: हप्ता कमी करून घेऊ नका. दर आठवर आला तेव्हा माझं मुद्दल साधारण ३६ लाख ३५ हजार आणि १८९ महिने बाकी होते. हप्ता ३३,८८५ पर्यंत खाली आणता आला असता. मी ३६,७४३ चाच ठेवला. त्यामुळे कर्ज १६२ महिन्यांत संपेल, सव्वादोन वर्षं आधी, आणि दर असाच राहिला तर व्याज चार लाखांहून जास्त वाचेल. काही बँका दर उतरल्यावर मुदत आपोआप कमी करतात, काही हप्ता. तुमच्याकडे काय होतंय ते पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका.

## ७. वर्षातून एकदा स्प्रेड तपासा

फ्लोटिंगवाल्यांचा सर्वांत मोठा तोटा बहुतेकदा रेपोमुळे होत नाही, जुन्या स्प्रेडमुळे होतो. माझा दर सव्वानऊ होता त्याच काळात नव्या ग्राहकांना साडेआठच्या आसपास कर्ज मिळत होतं. रेपो दोघांना एकच, नव्यांचा स्प्रेड कमी.

दर एप्रिलमध्ये तुमच्याच बँकेच्या वेबसाइटवर नव्या ग्राहकांचा दर पाहा आणि त्यातून रेपो वजा करा. येणारा स्प्रेड तुमच्यापेक्षा पाव टक्क्याहून कमी असेल तर शाखेत जाऊन दर बदलून मागा. याला कन्व्हर्जन म्हणतात. थोडं शुल्क लागतं, नवी कागदपत्रं फारशी नाहीत. ३६ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला सुमारे अठरा हजार रुपये व्याज, त्यामुळे पाच-सात हजारांचं शुल्क काही महिन्यांतच भरून निघतं. जुन्या ग्राहकाला टिकवण्यासाठी स्प्रेड तीन वर्षांच्या आतही कमी करायची परवानगी बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून मिळालीय, तेव्हा 'नियमात बसत नाही' असं उत्तर मिळालं तर ही गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणा.

बँक ऐकेना तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येतं. पण तिथला खर्च नीट जोडा: प्रोसेसिंग फी, वकिलाचा आणि मूल्यांकनाचा खर्च, शिवाय महाराष्ट्रात नव्या गहाणासाठी मुद्रांक शुल्क आणि गहाणाची सरकारदरबारी सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, देण्याची फी पुन्हा भरावी लागते. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकासाठी किंवा शेवटची पाच-सहा वर्षं उरली असताना हे करू नये. तोवर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो. हलवायचंच असेल तर जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदपत्रांची यादी आधी मागा, आणि कर्ज बंद झाल्यावर खरेदीखतासकट एकेक कागद त्या यादीशी ताडून घेतल्यावरच पोचपावतीवर सही करा.